परिचयातली विशेषणं खोडली तेव्हा

नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सैन्यात अधिकारी व्हायची सीडीएस ही लेखी परीक्षा पास झालेल्यांना किंवा एनसीसीच्या ‘सी’ सर्टिफिकेटवरून एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं आलेल्यांना तिथे मुलाखतीची तयारी करून घेतात. राहणं-खाणं फुकट. महाराष्ट्रभरातली पोरं येतात, आणि माझं गाव निफाड तालुक्यातलं असल्यामुळे मला तर तिथे जायला एक एसटी पुरे होती. तरी नियम म्हणून मुक्कामाला राहिलो. तो मुक्कामच जास्त कामाचा ठरला, कारण रात्री खोलीत आम्ही एकमेकांच्या मुलाखती घ्यायचो.

तिथला पहिला मोठा कार्यक्रम म्हणजे स्वतःचा परिचय. प्रत्येकाने उभं राहायचं आणि सांगायचं. दहा-बारा जण झाल्यावर लक्षात आलं की नाव आणि गाव सोडलं तर सगळ्यांचं तेच चाललंय. मी मेहनती आहे, मी शिस्तप्रिय आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत, मला लहानपणापासून वर्दीचं आकर्षण आहे. आमच्या खोलीतला चांदवडचा मित्र तर एका दमात म्हणाला, “मी जन्मजात लीडर आहे.” शिकवायला निवृत्त कर्नल होते. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. फक्त विचारलं, “बरं. शेवटचं कुणी तुझं ऐकलं नाही, असं कधी झालं?” मित्र गप्प. “ऐकलं नाही असं कधी झालंच नाही का? मग तू कुणाला काही सांगितलंच नसशील.”

मग सरांनी सगळ्यांना परिचय कागदावर लिहायला लावला आणि लाल पेनाने त्यातली विशेषणं खोडत गेले. मेहनती गेलं, प्रामाणिक गेलं, वक्तशीर गेलं. माझ्या कागदावर उरलं ते इतकंच: नाव, गाव, बी.एस्सी., एनसीसी, वडील शेतकरी, आई गृहिणी. सर म्हणाले, “आता हे जे उरलंय ना, ते खरं. यातलं काय वाढवता येईल ते बघू.”

परिचय म्हणजे उभं राहून म्हणायचं भाषण, हा समज तिथेच सुटला. एसएसबीत मुलाखतीला आत जाण्याआधीच तुमचा अर्धा परिचय टेबलावर असतो. स्क्रीनिंग ही पहिली चाळणी पार केलेल्यांकडून पीआयक्यू नावाचा फॉर्म हाताने भरून घेतात. त्यात आई-वडिलांचं शिक्षण, धंदा, उत्पन्न, भावंडं, दहावीपासूनचे मार्क, खेळ, छंद, कुठे कुठली जबाबदारी घेतली, जास्तीत जास्त काळ कुठे राहिलात, त्या गावाची लोकसंख्या किती, इथपर्यंत रकाने असतात. मुलाखत घेणारे अधिकारी हा फॉर्म वाचूनच बसलेले असतात. त्यामुळे “सर, मी अमुक गावचा, माझे वडील शेतकरी” हे पाठ केलेलं त्यांना पुन्हा ऐकवण्यात काही राम नाही. त्यांना फॉर्मच्या रकान्यात न मावलेलं हवं असतं.

शिवाय ते एकटेच तुम्हाला पाहत नाहीत. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिहिलेलं वाचतात आणि समोर येतही नाहीत. मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारे अधिकारी, जीटीओ, तुम्हाला गटात वागताना पाहतात, मुलाखतवाले बोलताना. तिघं आपापले गुण वेगवेगळे लावतात आणि एकत्र बसतात ते शेवटच्या दिवशी, कॉन्फरन्सला. म्हणजे तोंडाने “मी पुढाकार घेतो” म्हणायचं आणि मैदानात फळी-दोरी घेऊन अडथळा पार करताना मागे उभं राहायचं, हे जुळत नाही. जुळवता येईल असं काही असेल तर ते खरोखर घडलेलं.

आता माझ्याकडे खरं काय होतं? एनसीसीतली परेड होती, पण ती सगळ्यांकडेच होती. सरांनी ‘वडील शेतकरी’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं. “कसली शेती?” द्राक्षं. “तू काय करतोस तिथे?” मी म्हटलं, सुटीच्या दिवशी मदत. “मदत म्हणजे काय? शेवटची सांग.” तेव्हा मी आदल्या वर्षीच्या डिसेंबरातल्या थंडीचं सांगितलं. मला तो घरचा विषय वाटत होता, मुलाखतीत सांगायचा नव्हे.

आमच्याकडे थंडी म्हणजे काय ते निफाडकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: डिसेंबर-जानेवारीत आमचा पारा पुष्कळदा राज्यात सगळ्यात खाली असतो. ज्यांची छाटणी लवकर झालेली, त्यांच्या घडांत तेव्हा साखर भरत असते आणि मण्याची साल ताणलेली असते. कडाक्याची थंडी पडली की मणी तडकतात, आणि तडकलेला मणी असलेला घड एक्स्पोर्टला चालत नाही. त्यावर शेतकरी दोन उपाय करतात: रात्री बागेत काड्या-भुसा पेटवून शेकोट्या करायच्या आणि पहाटे ठिबक सोडायचं.

आमची विहीर सामायिक आहे, भाऊबंदांच्या पाच बागा तिच्यावर. त्या आठवड्यात थ्री-फेज वीज रात्रीची होती. पहाटे पारा सगळ्यात खाली जातो, म्हणून पाचही घरांना पाणी पहाटेच हवं. मोटर एक, आणि एका वेळी दोनच बागांचे व्हॉल्व्ह नीट चालतात. पहिल्या रात्री विहिरीवर भांडण झालं. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, म्हणून आमच्या घरातून मी गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लॅबमधून तिथल्या सरांना विचारून दोन थर्मामीटर आणले. एक आमच्या वरच्या बागेत तारेला बांधलं, एक खाली ओढ्याकाठच्या बागेत. पहाटे चारला धाकट्या काकांना सोबत घेऊन दोन्ही पाहिली. वर आठ होते, खाली पाच. थंड हवा जड, ती उतरून ओढ्याकाठी साचते, हे पुस्तकात होतं. काकांना पुस्तक नको होतं, त्यांनी बॅटरी मारून आकडा पाहिला. मग पाळी अशी लावली: ओढ्याकाठच्या दोन बागांना पहाटे तीन ते सहा, मधल्या दोघांना त्याच्या आधी, आणि वरच्या आमच्या बागेला सगळ्यात आधी, रात्री बारापर्यंत. शेकोट्यांचं काम पोरांनी वाटून घेतलं. मोठे काका म्हणाले, “कालचं पोर आम्हाला पाळ्या लावणार?” धाकट्या काकांनीच त्यांना थर्मामीटरपाशी नेलं. मी नेलं असतं तर ते आले नसते.

हे सांगून झाल्यावर कर्नलसाहेब थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “यात लीडरशिप हा शब्द एकदाही आला नाही. येऊही देऊ नकोस. ते त्यांना लिहू दे.”

पण तयारी तिथे संपली नाही. गोष्ट सापडली की पुढचा धोका तिला पॉलिश करण्याचा. चांदवडच्या मित्राने मला रात्री सुचवलं की पाचाऐवजी पंधरा बागा म्हण आणि एकही मणी तडकला नाही म्हण. दुसऱ्या दिवशी सरावात मी मुद्दाम तसं बोलून पाहिलं. सरांनी तिसऱ्या प्रश्नाला पकडलं: पंधरा बागांना एका मोटरचं पाणी किती तासांत पुरलं? खोट्या आकड्याचं असंच असतं. एक वाढवला की त्याच्याशी बांधलेले बाकीचे सगळे वाढवावे लागतात आणि बोलता बोलता एवढा हिशेब कुणालाच जमत नाही. खऱ्या गोष्टीत मात्र कुठूनही शिरलं तरी उत्तर असतं, कारण आपण तिथे होतो.

माझं बोलावणं भोपाळचं होतं. स्क्रीनिंग, मग मानसशास्त्राच्या चाचण्या. त्या दिवशी शेवटी ‘सेल्फ डिस्क्रिप्शन’ असतं: पंधरा मिनिटांत पाच परिच्छेद. आई-वडिलांचं तुमच्याबद्दल मत, शिक्षकांचं, मित्रांचं, स्वतःचं, आणि पुढे कसं माणूस व्हायला आवडेल. हाही परिचयच, फक्त लेखी. इथे पोरं पाचही परिच्छेदांत तेच कौतुक फिरवून लिहितात. मी घरून निघताना आईला सरळ विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, “तू कामाचा आहेस, पण एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाहीस, आणि घरात कमी बोलतोस.” तसंच लिहिलं. मित्रांच्या परिच्छेदात लिहिलं की ट्रेकचे पैसे माझ्याकडे ठेवतात, कारण परत आल्यावर मी रुपयांचा हिशेब ग्रुपवर टाकतो आणि त्यावरून माझी चेष्टाही करतात. वक्तशीर, प्रामाणिक हे शब्द लागलेच नाहीत.

मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. समोर एकच अधिकारी, साध्या कपड्यात. आधी गावाची लोकसंख्या विचारली, द्राक्षाचा भाव विचारला, मी सैलावलो. मग आला तो प्रसिद्ध लांबलचक प्रश्न. दहावीपासून सांगायचं: कुठली शाळा, मार्क किती, कुठले शिक्षक आवडले आणि का, कुठले नाही आवडले आणि का, जवळचे मित्र कोण, त्यांच्यातलं काय आवडतं, मग अकरावी-बारावीचं तेच, कॉलेजचं तेच, खेळ कुठले, जबाबदाऱ्या कुठल्या, घरात कुणाशी जास्त जवळीक, सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस कसा जातो. सगळं एका दमात. हाच तो परिचय. ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’ हे वाक्य मला कुणी म्हटलंच नाही.

या प्रश्नाला क्रम धरून जायचं. मी मनात शाळा, ज्युनियर, कॉलेज, घर, दिवस अशी पाच बोटं मोजली. मधलं एक विसरलो तर “सर, कॉलेजबद्दल आणखी काय विचारलं होतं?” असं विचारलं, त्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं. बोलणं इंग्रजीत होतं. एका ठिकाणी ‘ठिबक’ला शब्द अडला तेव्हा तेच म्हणाले की हिंदीत सांग. जबाबदाऱ्यांपाशी आल्यावर मी जे बोललो ते मराठीत साधारण असं होतं:

“एनसीसीत शेवटच्या वर्षी मी सीनियर होतो. परेडची हजेरी घ्यायचो. घरी आमची द्राक्षबाग आहे. मागच्या डिसेंबरात थंडी वाढली तेव्हा वडिलांचा पाय मोडलेला होता. पाच बागांना एकाच मोटरचं पाणी, त्यावरून भांडण झालं. मी दोन ठिकाणचं तापमान मोजलं, जिथे थंडी जास्त तिथे पहाटेचं पाणी असं ठरलं. आमची बाग वर आहे, म्हणून आमची पाळी आधी आली. पाच पोरं शेकोट्यांवर होतो. थंडी ओसरेपर्यंत ते चाललं. चुलतभावाच्या बागेत कडेच्या ओळींतले काही घड तडकले. बाकीचे वाचले.”

एवढंच. मिनिटभराचं. आणि मग दिवसाचा क्रम सांगितला: सकाळी पाचला उठतो, कारण सव्वासहाची एसटी चुकली तर पहिलं लेक्चर जातं, सीबीएसला उतरून चालत कॉलेज, संध्याकाळी घरी येऊन मैदानावर धावणं, मग बागेत चक्कर. “रविवारी?” त्यांनी लगेच विचारलं. रविवारी सातला, सर, आणि आई त्याआधी दोनदा हाक मारते. ते किंचित हसले आणि लिहिलं काहीतरी. शिस्तीचा प्रश्न असाच येतो. ‘तू शिस्तीचा आहेस का’ असं कुणी विचारत नाही; काल जेवणानंतर रात्री झोपेपर्यंत काय केलंस, असं विचारतात, आणि काल तर आपण त्यांच्याच आवारात होतो.

पुढची बरीच मुलाखत त्या विहिरीवर झाली. त्यांनी गोष्टीला चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. चुलतभावाच्या ओळी का तडकल्या? मी सांगितलं की एका रात्री त्याची पाळी असताना तो झोपून राहिला. मला मोटरचा आवाज बदललेला ऐकू आला नाही म्हणून मी शेकोटीवरून उठून गेलो आणि व्हॉल्व्ह फिरवला, पण तोवर तासभर गेला होता. मग त्याला काय म्हणालास? काहीच नाही, सर, त्या वेळी. दुसऱ्या दिवशी त्याला संध्याकाळच्या शेकोट्या दिल्या आणि पहाटेचा व्हॉल्व्ह दुसऱ्याकडे दिला. त्याला राग आला? हो, आठवडाभर बोलला नाही. सगळ्यांसमोर सांगितलंस की एकट्याला? एकट्याला, त्याच्या गोठ्यात जाऊन.

पाणी दिल्याने थंडीत फायदा कसा होतो, हेही विचारलं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं आणि ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते, रात्री ती हळूहळू सोडते, असं मी सांगितलं. सायन्सचा विद्यार्थी आहे म्हणवून घेतलं की हे येणारच होतं. आपण जे सांगतो त्याच्या मागचं ‘का’ आपल्याला माहीत हवं, नाहीतर ते ऐकीव वाटतं.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र शांत आवाजात आला. “तुझी बाग वर होती. ती ओढ्याकाठी असती तर तू हाच नियम लावला असतास, पण मग पहाटेचं पाणी तुलाच मिळालं असतं. लोकांनी ऐकलं असतं का?” याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. थोडं थांबलो आणि म्हणालो, नसतं ऐकलं, सर. थर्मामीटर दाखवूनही नसतं ऐकलं. मग तो नियम मी मांडला नसता, धाकट्या काकांकडून मांडून घेतला असता, त्यांची बाग मधे आहे. त्यांनी मान हलवली. बरोबर की चूक ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही, आणि ते शोधत बसू नये. माझ्या आधीचा मुलगा बाहेर येऊन “सर खूश होते” म्हणत होता, त्याचं झालं नाही.

मैदानावर जीटीओंनी सुरुवातीला गटाला गोलात बसवून एकेकाला दोन-तीन वाक्यांत ओळख करून द्यायला सांगितलं. तिथे मी विहीर काढली नाही. नाव, नाशिक जिल्हा, शिक्षण, धावायला आवडतं, एवढंच. तिथली ओळख गटातल्या पोरांसाठी असते, त्यांना पुढे दोन दिवस माझ्याशी फळ्या उचलायच्या असतात. आमच्या गटात एकाने तिथेच तीन मिनिटं घेतली. पुढे अडथळ्यांवर त्याची कल्पना चांगली असली तरी पोरं ऐकायला नाखूश असायची, हे मी पाहिलं.

कॉन्फरन्सला मोठ्या टेबलाभोवती सगळे अधिकारी वर्दीत बसलेले असतात आणि एकेकाला आत बोलावतात. बहुतेकांना राहण्या-जेवणाची सोय कशी होती, काही सुचवायचं का, इतकंच विचारतात. मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, जेवण चांगलं होतं, फक्त सकाळच्या चहाची वेळ पंधरा मिनिटं आधी असती तर बरं झालं असतं. मग एकाने विचारलं, “चुलतभाऊ आता बोलतो का?” बोलतो, सर, पण पहाटेचा व्हॉल्व्ह अजून घेत नाही.

निकाल त्याच दिवशी चेस्ट नंबर पुकारून सांगतात. माझा नंबर त्यात होता. चांदवडचा मित्र दुसऱ्या केंद्रावर गेला होता, त्याचं त्या वेळी झालं नाही; तो आता हवाई दलाच्या एएफसीएटी परीक्षेची तयारी करतोय आणि परिचयात त्याच्या भावाच्या कांदा-चाळीचं सांगतो, ते मी ऐकलंय, चांगलं आहे. रेकमेंड झाल्यावरही अकॅडमीचं पत्र लगेच येत नाही. आधी मेडिकल, मग यूपीएससीची मेरिट लिस्ट. मेडिकलला डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि मळ काढून या म्हणाले, म्हणून सध्या कानात थेंब घालून बसलोय. जाणाऱ्यांनी ते काम आधीच उरकून घ्या.